वजीर उचलला, परत ठेवला आणि ‘नाही’ म्हणाला

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. गेल्या रविवारी बुद्धिबळाच्या स्पर्धेत समोरच्या मुलानं वजीर हातात घेतला, मग परत जागेवर ठेवला आणि हत्ती चालवला. माझ्या मुलानं दोन चालींनंतर हात वर केला. पंच आले, त्या मुलाला विचारलं, तो सरळ ‘नाही’ म्हणाला. पंचांनी खेळ पुढे चालू ठेवला आणि आमचा डाव गेला. आता हा म्हणतो, पुढच्या वेळी मीपण असंच करणार, पंच काहीच करत नाहीत. त्याला काय सांगू?

उत्तर : मी २२ वर्षं वयोगटाच्या स्पर्धांना पंच म्हणून उभा राहतोय. तुमच्या मुलासारखं रडवेलं तोंड दर रविवारी दोन-तीन तरी बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पंचांची बाजू, कारण तुमच्या मुलाचा राग मुळात तिथे आहे. नियम सोपा आहे. आपली पाळी असताना चालवण्याच्या इराद्यानं आपल्या मोहऱ्याला हात लावला, तर तोच मोहरा चालवायचा. मारायच्या इराद्यानं समोरच्याच्या मोहऱ्याला हात लावला, तर तो मारायचा. मुलं याला ‘टच मूव्ह’ म्हणतात. पण फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नियमांत याच कलमाच्या शेवटाकडे एक ओळ आहे, ती बहुतेक पालकांना माहीतच नसते. समोरच्यानं हा नियम मोडल्याची तक्रार करायचा हक्क, तुम्ही स्वतः पुढची चाल करायला मोहऱ्याला हात लावलात की संपतो. तुमच्या मुलानं दोन चाली केल्या, मग हात वर केला. म्हणजे तो मुलगा कबूल झाला असता तरी पंचांना वजीर चालवायला लावता आला नसता. त्यांनी तरीही येऊन विचारलं, हे त्यांचं सौजन्य समजा.

ही ओळ कोरडी वाटते, पण तिच्यामागे कारण आहे. दोन चालींनंतर पट बदललेला असतो. मागे जाऊन ‘तेव्हा काय झालं होतं’ हे ठरवायला लागलो, तर हरायला लागलेलं प्रत्येक मूल दहा चालींपूर्वीचा वजीर उकरून काढेल. काढतातच. म्हणून मुलांना शिकवायची पहिली गोष्ट ही की, तसं काही दिसलं तर आपले हात पटापासून लांब ठेवायचे, घड्याळ थांबवायचं आणि हात वर करायचा. समोरच्याशी एक शब्द बोलायचा नाही. ‘ए, तू वजीर धरलास’ असं म्हटलं की भांडण सुरू होतं आणि दोघांच्याही तोंडी मग ठरलेलीच वाक्यं येतात. पंच येईपर्यंत समोरच्यानं आपलं उत्तर पक्कं केलेलं असतं.

वेळेवर बोलावलं तर पंच काय करतो, ते एका डावावरून सांगतो. नऊ वर्षांखालचा गट होता, वेळ कमी असलेले जलद डाव. जलद डावात चाली लिहाव्या लागत नाहीत, त्यामुळे कागदावरून काही कळायची सोय नाही. पांढऱ्याचा राजा किल्लेकोट करून बसलेला, त्याच्या पुढे तीन प्यादी. काळ्याचा वजीर पटाच्या मध्यावर, तिरप्या रेषेत पांढऱ्याच्या कडेच्या प्याद्याकडे बघत होता. मधली घरं मोकळी. ते प्यादं राजाच्या जोरात होतं, म्हणजे वजिरानं ते मारलं की राजा वजिराला मारणार. एका प्याद्यात वजीर गेला.

पांढऱ्याच्या मुलानं हात वर केला. मी गेलो तेव्हा वजीर आपल्या मूळ घरात होता आणि काळ्यानं एक हत्ती सरकवलेला होता. पांढरा म्हणाला, ‘सर, यानं वजीर उचलला होता.’ काळा म्हणाला, ‘नाही.’

अशा वेळी मी ‘हात लावलास का?’ असं कधीच विचारत नाही. त्या प्रश्नाला नऊ वर्षांच्या मुलाकडे एकच उत्तर असतं. घरी काचेचा ग्लास फुटल्यावर आपण ‘कोणी फोडला?’ म्हणून विचारतो आणि काय ऐकतो, तेच. मी पटाकडे बघितलं. पांढऱ्याचं ते कडेचं प्यादं घराच्या मधोमध नव्हतं, दोन घरांच्या रेघेवर कलतं उभं होतं. बाकी सगळी मोहरी नीट. मी काळ्याला विचारलं, ‘या प्याद्याला काय झालं रे?’

‘ते पडलं, म्हणून मी उभं केलं.’

‘कशानं पडलं?’

‘वजीर लागला.’

‘वजीर तिथपर्यंत कसा गेला?’

थोडा वेळ गप्प. मग, ‘ॲडजस्ट करत होतो.’

नियमात ॲडजस्ट करायची मुभा आहे. मोहरा घरात नीट बसवायचा असेल तर आपल्या पाळीत, हात लावण्याच्या आधी तसं बोलून दाखवायचं आणि मग बसवायचा. आधी. मोहरा हातात आल्यावर, चूक दिसल्यावर म्हटलेलं ‘ॲडजस्ट’ चालत नाही. मी विचारलं, आधी म्हणाला होतास का? तो खाली बघायला लागला. आणि खरं म्हणजे ते विचारायचीही गरज नव्हती. घरात नीट बसवायला कोणी वजीर तिरप्या रेषेत चार घरं लांब नेऊन दुसऱ्याचं प्यादं पाडत नाही.

पांढऱ्यानं अजून आपल्या कुठल्याच मोहऱ्याला हात लावलेला नव्हता, म्हणून तक्रार वेळेत होती. आता निर्णय. नुसता वजीर धरला असता, तर मी ‘वजीर चालव’ एवढंच म्हटलं असतं. त्याला तो मागे नेता आला असता आणि फारसं बिघडलं नसतं. पण त्यानं आपला वजीर आणि समोरचं प्यादं, दोन्हीला मारायच्या इराद्यानं स्पर्श केला होता. तसं झालं की त्याच मोहऱ्यानं तोच मोहरा मारायचा, शक्य असेल तर. शक्य होतं. हत्ती परत जागेवर, वजिरानं प्यादं मारलं, राजानं वजीर मारला. मुलगा रडत रडत पुढे खेळला आणि अर्थातच हरला.

या डावात मला कोणी खरं सांगितलं म्हणून निकाल देता आला नाही, ते कलतं प्यादं सापडलं म्हणून देता आला. तुमच्या मुलाच्या पटावर तसं काही नसेल, तर कितीही अनुभवी पंच असला तरी त्याच्या हातात ‘एक हो म्हणतो, एक नाही म्हणतो’ एवढंच राहतं. आणि अशा वेळी खेळ पुढे चालू ठेवायचा असतो. शेजारच्या पटावरचा मुलगा ‘सर, मी बघितलं’ म्हणून सांगतो कधी कधी. चौकशी केली की दोनदा तरी निघतं, दोघं एकाच क्लासचे. त्यामुळे शेंबड्या साक्षीवर मी डाव फिरवत नाही. मग तक्रार वाया जाते का? नाही. वेळेत आलेली तक्रार फेटाळली तरी मी त्या पटाच्या बाजूला उभा राहतो. पंचानं स्वतः बघितलं तर त्याला तक्रारीचीही वाट बघायची नसते, लगेच मध्ये पडायचं असतं. ज्याला मोहरा उचलून ठेवायची सवय आहे, तो पुढच्या दहा चालींत पुन्हा उचलतो. सवयच ती.

आता ‘सवय’ म्हणालो त्याबद्दल. तो समोरचा मुलगा लबाड होता, असं तुम्ही आणि तुमचा मुलगा दोघंही धरून चालला आहात. असेलही. पण मी पाहिलेल्या उचलून ठेवणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांचा हात डोक्याच्या पुढे धावतो, एवढंच असतं. मारता येतंय असं दिसलं की हात गेला, उचलल्यावर धोका दिसला, परत ठेवलं. घरी आजोबांबरोबर हेच चालतं. आजोबा म्हणतात, ‘अरे बघ, घोडा मारेल, परत घे.’ रोज पाच वेळा परत घ्यायला मिळालेलं मूल स्पर्धेत परत घेतं तेव्हा त्याला आपण काही केलं असं वाटतच नाही. ‘नाही’ म्हणताना त्यातल्या काहींना खरोखर आठवत नसतं. अर्ध्या सेकंदाची गोष्ट असते. आठवत नसण्यात आणि खोटं बोलण्यात पंचाला बाहेरून फरक करता येत नाही, आणि मी तो करायच्या फंदात पडत नाही. ‘ॲडजस्ट’ मात्र वेगळं. चूक दिसल्यावर जे मूल शांतपणे ‘ॲडजस्ट’ म्हणतं, त्याला नियम पुरता माहीत असतो. ते सहसा कुणीतरी शिकवलेलं असतं.

उलट बाजूही सांगतो, कारण खोटेपणा फक्त मोहरा धरणाऱ्याकडेच नसतो. हरायला लागल्यावर ‘यानं उंट धरला’ म्हणून हात वर करणारी मुलं असतात. एकदा एका मुलीच्या राजाला शह होता. गडबडीत तिनं घोडा धरला आणि मग राजा हलवला. समोरचा हटून बसला, घोडाच चालव. पण त्या घोड्याला शह तोडता येतच नव्हता, शह देणाऱ्याला मारताही येत नव्हतं आणि मध्येही पडता येत नव्हतं. धरलेला मोहरा नियमानुसार चालवता येत नसेल तर दुसरी कुठलीही चाल करता येते. त्या मुलाला मी हे समजावलं तेव्हा तो म्हणाला, ‘पण तिनं धरला ना!’ त्याच्या लेखी तिला शिक्षा व्हायलाच हवी होती. हा नियम शिक्षेसाठी नाही, आणि मुलांना हे पटवणं फार अवघड जातं.

मुलं आणि पालक ‘चीटिंग’ हा शब्द ज्या गोष्टींना लावतात, त्यातल्या कितीतरी मुळात नियमात बसतात. ‘त्यानं शह दिला पण सांगितलं नाही.’ सांगायचं बंधन नाही, बघायचं काम तुमचं. ‘मी घड्याळ दाबायला विसरलो आणि तो गप्प बसून राहिला.’ तेही चालतं. माझा वेळ जातोय हे मला समोरच्यानं सांगावं, असं कुठल्याच कलमात नाही. एखादं मूल बोटानं घड्याळ दाखवतं तेव्हा मला बरं वाटतं, पण जे दाखवत नाही त्याला मी वाईट म्हणत नाही. लहान गटांत मला खरा त्रास वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. एक मूल ‘चेकमेट’ म्हणून हात पुढे करतं, दुसरं बघतही नाही, हात मिळवतं, मोहरी गोळा होतात, निकालाच्या कागदावर दोघांच्या सह्या. नंतर बाबा विचारतात, ‘राजा इथे जाऊ शकत होता ना?’ जाऊ शकत होता. पण पट मोडलेला, सह्या झालेल्या. मात नसताना मात म्हणणारा बहुतेक वेळा स्वतःच चुकलेला असतो. कधी नसतोही. म्हणून आठ वर्षांखालच्या गटात मी फेरी सुरू व्हायच्या आधी ओरडून सांगतो, मात झाली असं वाटलं तर पट मोडायचा नाही, हात वर करायचा, मी येऊन बघेन. त्यानं अर्धी भांडणं जातात.

तर मग घड्याळाबद्दल गप्प बसलेलं चालतं, आणि वजीर धरून गप्प बसलेलं का चालत नाही? तुमच्या मुलाला सांगायची खरी गोष्ट ही आहे, आणि ती नऊ वर्षांच्या मुलाला कळते. घड्याळ दाबणं हे माझं काम. ते मी विसरलो तर समोरच्यानं कुठला नियम मोडला? काहीच नाही, त्यानं फक्त मला मदत केली नाही. पण ‘हात लावलेला मोहरा चालवायचा’ हे ज्यानं हात लावला त्याला सांगितलेलं आहे. पंचानं बघितलं तर, समोरच्यानं तक्रार केली तर, असं त्या वाक्यात काही नाही. तक्रारीची सोय नंतर येते, कोणी नियम पाळला नाही तर काय करायचं म्हणून. म्हणजे कोणी बघितलं नाही तरी त्या मुलानं नियम मोडलाच. पंचांनी काही केलं नाही याचा अर्थ त्यांनी परवानगी दिली असा होत नाही.

यावरून एक मुलगी आठवते. अकरा वर्षांखालचा गट, चांगला रंगलेला डाव. तिनं हत्ती उचलला, अर्ध्यात थांबली, चूक तिला दिसली. समोरचा मुलगा पाणी प्यायला उठलेला होता, त्यानं पाहिलंच नाही. मी दुसऱ्या रांगेतून बघत होतो, पण तिला ते माहीत नव्हतं. ती हत्ती हातात धरून बराच वेळ बसली. मग हत्तीच चालवला, जिथे कमी नुकसान होईल तिथे. तरी डाव गेला. बाहेर तिच्या वडिलांनी मला गाठलं. चिडलेले नव्हते, खरंच विचारत होते, ‘सर, कोणी बघितलं नसेल तर सांगावंच लागतं, असा नियम आहे का?’ मी म्हटलं, सांगावं लागत नाही, चालवावं लागतं. ते जरा गोंधळले. मुलगी मात्र बाजूला वडापाव खात होती, तिला त्यात चर्चा करण्यासारखं काही वाटत नव्हतं.

मोठ्यांचं काय होतं म्हणाल, तर १९९४ साली स्पेनमधल्या लिनारेसच्या स्पर्धेत जगज्जेत्या कास्पारोव्हनं हंगेरीच्या ज्युडिट पोल्गारविरुद्ध घोडा एका घरात ठेवला, क्षणभर सोडला आणि उचलून दुसऱ्या घरात नेला. सोडलेला मोहरा पुन्हा हलवता येत नाही. ती तेव्हा १७ वर्षांची होती आणि तिनं तक्रार केली नाही. व्हिडिओत बोटं सुटलेली दिसली, पण तोवर तो डाव कास्पारोव्हनं जिंकलेला होता. तक्रार न करणं तिला महागात पडलं. म्हणून मुलांना मी सांगतो, हात वर करणं म्हणजे चुगली नव्हे. समोरच्याचा स्वभाव कसा आहे हे आपण ठरवत नाही, पटावर काय झालं एवढंच पंचाला विचारतो. बरोबर नसलो तर पंच सांगतील आणि डाव पुढे चालू राहील. मात्र उगाच, त्रास द्यायला म्हणून दर दोन मिनिटांनी हात वर केला, तर तेही नियमाविरुद्ध आहे आणि मी त्यासाठी ताकीद दिलेली आहे.

आता तुमच्या घरात काय करायचं. ‘मीपण असंच करणार’ हे त्यानं रागात म्हटलंय, त्यावर भाषण देऊ नका. त्याला पट मांडायला सांगा आणि तो क्षण पुन्हा उभा करा. वजीर कुठे होता, काय मारणार होता? आमच्याकडे नेहमी निघतं तसं इथेही कदाचित निघेल की त्या वजिराला मागे जायला चार चांगली घरं होती. वजीर चालवायला लावला असता तरी डाव वाचला नसता. नुसता आपला मोहरा धरला तर तो चालवायचा असतो, मरायला पाठवायचा नसतो, हे मुलांच्या लक्षात येत नाही. पुष्कळदा ज्या ‘चीटिंग’मुळे हरलो असं मूल सांगतं, त्याच्यानंतर त्यानं स्वतः दोन प्यादी फुकट दिलेली असतात. रागात लक्ष उडालेलं असतं. हे त्यानं स्वतः पटावर पाहिलं तर तुमच्या सांगण्यापेक्षा जास्त कळेल.

मग पंचांना बोलवायची रंगीत तालीम करा. तुम्ही मुद्दाम मोहरा उचलून ठेवा. त्यानं काहीही न बोलता, कशालाही हात न लावता घड्याळ थांबवायचं आणि हात वर करायचा. पंच आल्यावर एकच वाक्य : ‘सर, यांनी वजीर उचलून परत ठेवला, मी अजून चाल केलेली नाही.’ हे दहा-बारा वेळा करा. ऐन वेळी मूल घाबरतं, जीभ अडखळते, आणि सवयीनं हात आधी आपल्या मोहऱ्याकडे जातो. तिथेच हक्क जातो.

त्याच्या स्वतःच्या हातासाठी जुना उपाय आहे, विचार करताना दोन्ही हात मांडीखाली. हसू येईल, पण बाराव्या वर्षापर्यंत चालतो. काही जुने शिक्षक अजून सांगतात की आधी चाल लिहा, मग खेळा, म्हणजे हात थांबतो. ते आता करू देऊ नका. आधी लिहून ठेवणं नियमात बसत नाही, आणि त्यावर मला मुलांना टोकावं लागतं, ज्यात त्यांचा काही दोष नसतो.

आणि घरच्या पटावर चाल परत देणं आजपासून बंद. आजोबांनासुद्धा.